दोन टक्क्यांत किती शाळा बसतात?

२०२० साली कॅगचा एक अहवाल संसदेसमोर आला. विषय होता सरकारी कंपन्यांनी शाळांमध्ये बांधलेली स्वच्छतागृहं. ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेत ५३ केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांनी देशभरात सुमारे १ लाख ४० हजार स्वच्छतागृहं बांधली होती. लेखापरीक्षकांनी पंधरा राज्यांतल्या निवडक शाळांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली. बांधलेल्यांपैकी ७२ टक्के स्वच्छतागृहांच्या आत वाहतं पाणी नव्हतं आणि ७५ टक्के ठिकाणी दिवसातून एकदा सफाई करण्याचा नियम पाळला जात नव्हता. काही तर फक्त कागदावरच होती. ती लबाडी झाली, तिचा विचार इथे करायचा नाही. पण भिंती उभ्या आहेत, छप्पर आहे, भांडं बसवलंय आणि पाणी मात्र नाही, असं झालं की अनेकदा दोष गवंड्याचा नसतो. कामाचा खर्च मांडताना पाण्याची ओळ लिहिलेलीच नसते. का लिहिली नसेल? बहुतेक वेळा कारण एकच. ती लिहिली की आकडा कंपनीच्या वार्षिक मर्यादेबाहेर जातो.

ही मर्यादा कुठून येते ते आधी पाहू. कंपनी कायदा, २०१३ मधलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एकही टप्पा गाठला गेला असेल, तर तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. ‘किमान’ हा शब्द कायद्यातलाच आहे. संचालक मंडळाच्या बैठकीत मात्र तो सहसा ‘कमाल’ होतो. ‘यंदा आपले इतके बसतात, त्याच्या आत काय बसेल ते दाखवा,’ असा आदेश खाली येतो आणि सीएसआर पाहणारा माणूस व संस्थेचा कार्यकर्ता एस्टिमेट घेऊन बसतात. कायद्याने घातलेली जमीन कंपनीत पोचेपर्यंत छप्पर झालेली असते.

एक उदाहरण घेऊ. कंपनी काल्पनिक आहे आणि दरही मांडणीसाठी धरलेले आहेत. तुमच्या तालुक्यात ते वेगळे निघतील, पण हिशेबाची पद्धत हीच राहील. समजा, सातारा जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारी एक मध्यम कंपनी आहे. मागच्या तीन वर्षांतला तिचा नफा १८, २१ आणि २४ कोटी. सरासरी २१ कोटी, दोन टक्के म्हणजे ४२ लाख रुपये. पहिली चूक इथेच होते. हा नफा कलम १९८ प्रमाणे काढायचा असतो आणि त्यात आयकर वजा करत नाहीत. नफा-तोटा पत्रकाच्या तळाशी दिसणारा करोत्तर आकडा उचलून दोन टक्के काढले, तर मर्यादा आठ-दहा लाखांनी कमी भरते. वर्षअखेरीला लेखापरीक्षक ती चूक दाखवतो आणि मार्चमध्ये घाईघाईने कुठेतरी पैसे वाटायची वेळ येते.

या ४२ लाखांतून कंपनीला स्वतःच्या कार्यालयीन खर्चासाठी, म्हणजे सीएसआर विभागाचं सर्वसाधारण व्यवस्थापन चालवण्यासाठी, त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत रक्कम दाखवता येते. पूर्ण ४२ लाख खर्च झाले तर ही रक्कम २ लाख १० हजार होते. खर्च ३० लाखांवरच थांबला, तर तीही दीड लाखावर येते. आपल्या कंपनीने सावधपणे दीड लाखच धरले. याचा अर्थ प्रकल्पासाठी उरले साडेचाळीस लाख.

इथे एक भेद नीट कळायला हवा, कारण तो पुढे पैसे वाचवतो. कार्यालयात बसून सगळ्याच सीएसआर कामांची कागदपत्रं सांभाळणाऱ्याचा पगार हा कार्यालयीन खर्च. त्याला पाच टक्क्यांची वेसण आहे. पण याच दहा शाळांच्या बांधकामावर देखरेख ठेवायला नेमलेल्या अभियंत्याचं मानधन हा थेट प्रकल्पाचा खर्च असतो, तो त्या पाच टक्क्यांत येत नाही. हे माहीत नसल्यामुळे अनेक कंपन्या देखरेखीची ओळच गाळतात आणि काम ठेकेदाराच्या भरवशावर सोडतात. उलट बाजूनेही गल्लत होते. कर्मचाऱ्यांनी शनिवारी जाऊन भिंती रंगवल्या, तर त्यांच्या तासांची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. गोदामात पडून असलेलं सिमेंट देऊन त्याची किंमत लावणंही चालत नाही.

आता काम. जिल्हा परिषदेच्या दहा शाळांत मुलींसाठी स्वच्छतागृह आणि हात धुण्याची जागा बांधायची आहे. ठेकेदाराचं कोटेशन एका शाळेला ३ लाख ४० हजार, म्हणजे दहा शाळांचे ३४ लाख. संचालक मंडळाला दाखवायला हा आकडा फार देखणा आहे. साडेचाळीसच्या आत सहज बसतो, वर साडेसहा लाख शिल्लक. वर्तमानपत्रातला मथळाही तयार: ‘दहा शाळांना स्वच्छतागृहं’.

पण कोटेशनच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, जीएसटी वेगळा. बांधकामाच्या ठेक्यावर १८ टक्के कर, म्हणजे ६ लाख १२ हजार. कारखान्याच्या रोजच्या खरेदीत भरलेला कर पुढच्या करातून वळता करून घ्यायची कंपनीच्या लेखा विभागाला सवय असते, त्यामुळे तो इथेही कराशिवायचा आकडा धरतो. सीएसआरच्या खर्चावर ही सवलत नाही. वित्त कायदा, २०२३ ने तशी स्पष्ट तरतूद केली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तेव्हा कर हा खर्चाचाच भाग. बेरीज ४० लाख १२ हजार. शिल्लक ३८ हजार.

मग पाणी. दहापैकी सहा शाळांना ग्रामपंचायतीची नळजोडणी आहे आणि ती उन्हाळ्यातही टिकते. उरलेल्या चार शाळांना विंधन विहीर, मोटर आणि टाकी लागणार. करासह प्रत्येकी १ लाख १० हजार धरले, तर ४ लाख ४० हजार. हे शोधायला प्रत्येक शाळेत एकदा जावं लागतं, आणि शक्यतो मे महिन्यात. पावसाळ्यात केलेल्या पाहणीत प्रत्येक शाळेला पाणी असतं. बेरीज ४४ लाख ५२ हजार, म्हणजे मर्यादा ओलांडली.

त्यावर अनपेक्षित खर्चासाठी चार टक्के, म्हणजे १ लाख ७८ हजार. पायाला खडक लागला, विंधन विहिरीला पहिल्या जागी पाणी लागलं नाही, पावसामुळे वाहतूक वाढली, यासाठीची ही तरतूद. अभियंत्याची देखरेख शाळेमागे २० हजार, एकूण २ लाख. शेवटी सफाई. गावातल्या एखाद्या बाईला किंवा माणसाला रोज तासाभराच्या कामाचं मानधन आणि फिनेल-साबण, मिळून शाळेला महिना २ हजार. हा आकडा कमीच आहे, पण धरू. तीन वर्षांचे दहा शाळांचे होतात ७ लाख २० हजार. सगळं मिळून ५५ लाख ५० हजार.

साडेचाळीसात बसवायचंय साडेपंचावन्न. हा पंधरा लाखांचा फरक कसा भरतात यावरून कंपनी ओळखता येते. सोपी वाट म्हणजे खालच्या ओळी खोडणं. सफाई ‘शाळेने करावी’, पाणी ‘ग्रामपंचायतीने द्यावं’, देखरेख ‘आपला साइट इंजिनिअर अधूनमधून जाईल’. या तीन ओळींसोबत अनपेक्षित खर्चाची तरतूदही गेली की दहा शाळा पुन्हा मर्यादेत येतात. कॅगला दिसलेली स्वच्छतागृहं अशाच हिशेबातून उभी राहतात. प्रस्ताव वाचणाऱ्याला हे ओळखायला अभियंता असावं लागत नाही. खर्चाच्या तक्त्यात बांधकामानंतरच्या तारखेची एकही ओळ नसेल, तर देखभाल गाळलेली आहे. सगळ्या शाळांचा दर एकसारखा असेल, तर शाळा पाहिलेल्याच नाहीत.

माझ्या मते कापायच्या असतील तर शाळा कापाव्यात, शाळेच्या आतला खर्च नाही. त्यासाठी हिशेब उलटा मांडायचा, म्हणजे आधी एका शाळेचा पूर्ण खर्च काढायचा. पाणी असलेल्या शाळेला कर, अनपेक्षित तरतूद, देखरेख आणि तीन वर्षांच्या सफाईसह ५ लाख ९ हजार लागतात. पाणी नसलेल्या शाळेला ६ लाख २४ हजार. कोटेशनमधल्या ३ लाख ४० हजारांशी ही तुलना करून पाहा. साडेचाळीसला यांनी भागलं तर एका दमात सातच शाळा बसतात.

सातवर थांबायची मात्र गरज नाही, कारण सफाईचे तीन वर्षांचे पैसे पहिल्याच वर्षी खर्च होत नाहीत. इथे कायद्यातली एक सोय कामाला येते. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ म्हणजे चालू प्रकल्प अशी वेगळी वर्गवारी आहे. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालणारं काम त्यात येतं. संचालक मंडळाने तसा ठराव केला की खर्च वर्षावर्षांत विभागता येतो.

आपल्या कंपनीचा सीएसआर बोजा पन्नास लाखांच्या आत आहे, त्यामुळे वेगळी सीएसआर समिती नेमण्याची सक्ती तिला नाही आणि हा निर्णय संचालक मंडळच घेतं. जूनमध्ये ठराव, पावसाळ्यात निविदा आणि जिल्हा परिषदेची परवानगी, दिवाळीच्या सुट्टीत बांधकामाचा मोठा भाग, डिसेंबरपासून वापर. असं वेळापत्रक धरलं तर पहिल्या वर्षी सफाईचे चारच महिने येतात. मग आठ शाळा बसतात, पाच पाणी असलेल्या आणि तीन नसलेल्या. बांधकाम, पाणी, देखरेख आणि चार महिन्यांची सफाई मिळून ३९ लाख ५ हजार. कार्यालयीन दीड लाख धरून ४० लाख ५५ हजार. शिल्लक १ लाख ४५ हजार.

या शिल्लक रकमेचं काय करायचं? प्रकल्प चालू म्हणून नोंदवलेला असेल, तर ती ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या ‘अनस्पेंट सीएसआर’ खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन वर्षांत त्याच प्रकल्पावर वापरायची. तसा ठराव नसेल, तर ३० सप्टेंबरपर्यंत ती पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या, कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सांगितलेल्या निधीत जमा करावी लागते. दोन्ही चुकलं तर दंड आहे, जमा करायच्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी, यांपैकी जे कमी असेल ते. संस्थेच्या खात्यात २८ मार्चला पैसे टाकून ‘खर्च झाला’ म्हणणंही चालत नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष कामावर वापरले तरच तो खर्च धरला जातो, आणि पैसे ठरलेल्या कामावरच गेले याचं प्रमाणपत्र कंपनीच्या वित्तप्रमुखाला संचालक मंडळाला द्यावं लागतं. म्हणूनच युटिलायझेशन सर्टिफिकेटसाठी एप्रिलमध्ये संस्थांचे फोन खणखणतात.

पण शिल्लक ठेवण्यापेक्षा दुसरी एक वाट आहे आणि ती फार कमी कंपन्या चोखाळतात. पाणी असलेली नववी शाळाही याच वर्षी घ्यायची. तिचे ४ लाख ४५ हजार धरले की वर्षाचा एकूण खर्च ४५ लाख होतो, म्हणजे बंधनापेक्षा ३ लाख जास्त. हे जास्तीचे तीन लाख वाया जात नाहीत. संचालक मंडळाने ठराव केला, तर पुढच्या तीन वर्षांपर्यंतच्या बंधनातून ते वळते करून घेता येतात. म्हणजे ज्या आकड्याला सगळे छत समजतात, तो ओलांडायला कायद्याची हरकत तर नाहीच, वर ओलांडलेली रक्कम मोजून घ्यायची सोयही आहे. अडचण रोख पैशाची असते. तीन लाख आज बाहेर जातात आणि सूट पुढच्या वर्षी मिळते. २४ कोटी नफ्याच्या कंपनीला ही अडचण फार मोठी नसावी.

यावर कंपनीचा वित्तप्रमुख साहजिकच विचारेल, पुढच्या वर्षी नफा पडला तर? प्रश्न रास्त आहे. सरासरीमुळे त्याचं उत्तर बरंचसं आजच देता येतं. पुढच्या वर्षीच्या बंधनासाठी ज्या तीन वर्षांचा नफा धरायचा, त्यांतली दोन वर्षं आधीच संपलेली आहेत, २१ आणि २४ कोटी. तिसरं चालू वर्ष. ते अगदी वाईट गेलं आणि नफा ९ कोटींवर आला, तरी सरासरी १८ कोटी होते आणि दोन टक्के ३६ लाख. नफा २४ वरून ९ वर आला, पण सीएसआरची रक्कम ४२ वरून ३६ वरच आली. त्यातून आधीचे तीन लाख वळते केले, तर ३३ लाख. आणि या ३३ लाखांवर पहिला हक्क आधीच ठरलेला आहे. राहिलेली दहावी शाळा, जिला पाणी नाही, ती विंधन विहिरीसह साडेपाच लाखांची. नऊ शाळांची वर्षभराची सफाई २ लाख १६ हजार आणि दहाव्या शाळेचे चार महिने ८ हजार. एकूण सुमारे पावणेआठ लाख. उरलेल्या सव्वापंचवीस लाखांत नवं काम घ्यायचं.

ही पहिल्या हक्काची नोंद कंपन्या ठेवत नाहीत आणि मग दुसऱ्या वर्षी घोटाळा होतो. नवे अधिकारी येतात, नवा विषय येतो, कधी वृक्षलागवड तर कधी संगणक कक्ष, आणि सगळी रक्कम त्यावर मांडली जाते. जुन्या शाळांची सफाई आपोआप बंद पडते, कारण तिच्यासाठी कोणी पैसे बाजूला ठेवलेलेच नसतात. उपाय साधा आहे. पहिल्याच ठरावात चारही वर्षांचे आकडे लिहायचे. आपल्या उदाहरणात ते असे येतील: पहिल्या वर्षी प्रकल्पावर साडेत्रेचाळीस लाख, दुसऱ्या वर्षी पावणेआठ लाख, तिसऱ्या वर्षी दहा शाळांच्या सफाईचे २ लाख ४० हजार आणि चौथ्या वर्षी १ लाख ६८ हजार. एवढ्या चार ओळी इतिवृत्तात असल्या की नव्या अधिकाऱ्यालाही त्या खोडायला ठराव करावा लागतो.

चौथ्या वर्षीचा आकडा कसा आला ते पाहिलं की या योजनेची मर्यादाही दिसते. पहिल्या नऊ शाळांची छत्तीस महिन्यांची सफाई चौथ्या वर्षीच्या नोव्हेंबरात संपते, म्हणजे त्या वर्षी आठच महिन्यांचा खर्च. दहावी शाळा वर्षभर उशिरा सुरू झाली, तिला चौथ्या वर्षी पूर्ण बारा महिने मिळतात, तरी तिची बेरीज अठ्ठावीस महिन्यांवरच थांबते. चालू प्रकल्प तीन वर्षांपलीकडे ताणता येत नाही. त्यानंतरचा खर्च एकतर नवा प्रकल्प म्हणून मांडायचा किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी अंदाजपत्रकात न्यायचा.

तो दुसरा कोण, हे बांधकामाआधी ठरायला हवं. जागा जिल्हा परिषदेची, त्यामुळे इमारत तिच्याकडेच जाणार. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. समग्र शिक्षा योजनेतून शाळांना जे एकत्रित अनुदान मिळतं, त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी वापरायचा असतो, पण लहान शाळेच्या वाट्याला त्यातून महिना दोन हजार येत नाहीत. उरलेला भार ग्रामपंचायतीने उचलायचा, तर तो तिच्या विकास आराखड्यात आधी लिहिला गेला पाहिजे, आणि आराखडा वर्षातून एकदाच ठरतो.

ज्या मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समित्यांकडे कंपनीचा प्रस्ताव येतो, त्यांना म्हणून एक विनंती. कोनशिलेवर कोणाचं नाव येणार याची चर्चा नंतर करा. आधी खर्चाचा तक्ता मागून घ्या आणि त्यात पाण्याची व सफाईची ओळ शोधा. दहाव्या शाळेला कमी पडणारे आठ महिने म्हणजे अवघे १६ हजार रुपये. ते आणि त्यानंतरचे दरवर्षीचे २४ हजार कोण देणार, हे हस्तांतराच्या करारात नावानिशी लिहिलेलं नसेल, तर त्यावर सही करू नका.